हात बाहेर, मगच पेडल

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये पहिली पाळी सुरू व्हायच्या थोडं आधी गेलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. पंधरा-वीस कामगार अर्धवर्तुळात उभे, समोर सुपरवायझर आणि त्याच्या हातात एक कागद. याला कुणी टूलबॉक्स टॉक म्हणतं, कुणी सेफ्टी टॉक, तर बहुतेक जण नुसतं 'मीटिंग'. कागदावर साधारण असा मजकूर असतो : 'सर्व कामगारांनी सुरक्षिततेच्या नियमांचे काटेकोर पालन करावे, सुरक्षा साधनांचा वापर करावा, निष्काळजीपणा टाळावा.' तो वाचून होतो, रजिस्टरवर सह्या होतात आणि माणसं मशिनवर जातात.

त्या कागदात चूक काहीच नाही आणि उपयोगही काही नाही. 'निष्काळजीपणा टाळावा' हे ऐकून माणूस पुढच्या आठ तासांत नेमकं कोणतं काम वेगळ्या रीतीने करेल? कोणतंच नाही. उलट एखादी सरसकट सूचना घातकही ठरते. 'हातमोजे घाला' हे पत्रा हाताळणाऱ्याला योग्य आहे, कारण पत्र्याची कड कापते. पण ड्रिल मशिनवरच्या माणसाने तेच ऐकलं, तर फिरत्या ड्रिलला मोज्याचं टोक गुंडाळतं आणि मोज्याबरोबर हात ओढला जातो. म्हणून पाळीआधीचं बोलणं एका मशिनसाठी, एका धोक्यासाठी आणि समोरच्या त्याच माणसांसाठी लिहावं लागतं. इथे उदाहरण म्हणून पॉवर प्रेस घेऊ. बोटं जाण्याचे अपघात या मशिनवर फार होतात, आणि ते का होतात हे कळलं की काय बोलायचं हे आपोआप ठरतं.

साधी, जुन्या बांधणीची, चावीच्या क्लचची पन्नास टनी प्रेस डोळ्यांसमोर आणा. बाजूला मोठं फ्लायव्हील असतं आणि मोटर ते सतत फिरवत असते. कामगाराने पेडल दाबलं की क्लचमधली चावी फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि फ्लायव्हील क्रँकला बरोबर घेऊन फिरतं. रॅम खाली येतो, डायमधला पत्रा कापला जातो किंवा वाकतो, रॅम वर जातो, चावी सुटते, ब्रेक लागतो आणि रॅम वरच्या टोकाला थांबतो. हा झाला एक स्ट्रोक. यातली कळीची गोष्ट अशी, की चावी एकदा बसली की पूर्ण एक फेरा झाल्याशिवाय ती सुटत नाही. रॅम अर्ध्यावर आला असताना पाय उचला, मोटर बंद करा, नाहीतर ओरडा. तो खाली जाऊनच वर येतो.

मिनिटाला साठ स्ट्रोकचा वेग धरला, तर रॅमला वरून खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून हात हलायला सुरुवात व्हायलाच पाव सेकंद जातो. उरलेल्या पाव सेकंदात पीस सोडायचा, मनगट डायच्या कडेवरून सोडवायचं आणि हात मागे घ्यायचा. त्यात कामगाराची नजर रॅमवर नसतेच, ती पिसावर असते. 'मी हात पटकन काढतो' असं अनुभवी माणूस छातीठोकपणे सांगतो, तेव्हा तो हे गणित विसरलेला असतो. आजवर त्याला हात काढावाच लागलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या मशिनवर हात सापडतो तो मुख्यतः तीन वेळा. पीस ठेवताना किंवा काढताना पाय पेडलवरच राहतो आणि नकळत दाबला जातो. पीस डायमध्ये अडकतो आणि माणूस मोटर बंद करून लगेच हात घालतो. पण फ्लायव्हील अजून फिरत असतं, आणि तेवढ्यात पेडलला धक्का लागला तर मोटर बंद असूनही पूर्ण स्ट्रोक बसतो. तिसरी वेळ सगळ्यात वाईट. प्रेस 'डबल मारते', म्हणजे पेडल एकदाच दाबलेलं असताना रॅम वर जाऊन थांबायच्या ऐवजी पुन्हा खाली येतो. चावी झिजलेली असते, तिची स्प्रिंग तुटलेली असते, नाहीतर ब्रेकच्या पट्ट्याला तेल लागलेलं असतं. इथे कामगाराची काहीच चूक नसते. त्याने पाय उचललेला असतो, रॅम वर गेलेला असतो आणि तो नेहमीसारखा पीस काढायला हात घालतो.

डबल मारणारी प्रेस बहुधा आधी खुणा देते. रॅम वरच्या टोकाला न थांबता किंचित पुढे सरकून थांबतो, क्लचमधून नेहमीपेक्षा वेगळी 'खट' येते, पेडल परत वर यायला आळस करतं. या खुणा मेंटेनन्सच्या माणसाआधी त्या मशिनवर रोज बसणाऱ्याला कळतात. म्हणून पाळीआधीच्या बोलण्यात जशी सूचना हवी, तशी चौकशीही हवी.

आता लिहिण्याकडे येऊ. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि पाळी बदलताना शॉपमध्ये पूर्ण शांतता कधीच नसते. कॉम्प्रेसर चालू असतो, आधीच्या पाळीची एखादी प्रेस धडधडत असते. 'पेडलवर पाय ठेवू नका' या वाक्यातला शेवटचा शब्द आवाजात बुडाला, तर मागच्या रांगेतल्या नव्या मुलाच्या कानावर पडतं 'पेडलवर पाय ठेवू'. त्यापेक्षा 'पाय पेडलवरून काढा' हे चांगलं. यातला कुठलाही शब्द गळला तरी अर्थ उलटा होत नाही, आणि काय करायचं नाही याऐवजी काय करायचं ते कळतं. धोक्याच्या सूचना शक्यतो अशाच लिहाव्यात : सरळ, करायची कृती सांगणाऱ्या, चार-पाच शब्दांच्या. 'करावे', 'करण्यात यावे' ही कागदी रूपं तर पूर्ण काढून टाकावीत. ती ऐकताना प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं जातंय.

पुनरावृत्तीचंही तसंच आहे. सगळंच तीनतीनदा सांगितलं तर ती नुसती कटकट होते. एक वाक्य निवडायचं आणि तेच, शब्दही न बदलता, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी म्हणायचं. शब्द न बदलण्याला कारण आहे. पीस अडकतो तेव्हा माणूस गडबडलेला असतो, शेजारची लाइन थांबलेली असते, कुणीतरी ओरडत असतं. त्या क्षणी समजुतीने विचार होत नाही. तोंडात बसलेलं वाक्य तेवढं आठवतं. चांगलं लिहिता येणाऱ्या सुपरवायझरला इथे मोह होतो, रोज नव्या शब्दांत सांगावं असं वाटतं. तो मोह टाळलेला बरा. आजूबाजूचं रोज बदला, ते एक वाक्य तसंच ठेवा.

दुसऱ्या पाळीसाठी, पेडलच्या सहा प्रेसवर काम करणाऱ्या ऑपरेटर आणि हेल्परांसाठी लिहिलेला असा एक मसुदा पाहा. सावकाश वाचला तरी तो चार-पाच मिनिटांत संपतो.

'या, जवळ या. मागे कुणी राहू नका. माझा आवाज येतोय? आज प्रेसबद्दल बोलू. फक्त प्रेसबद्दल.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. हात बाहेर, मगच पेडल. माझ्याबरोबर म्हणा. हात बाहेर, मगच पेडल.

आज चार नंबरवर ब्रॅकेटचा जॉब आहे. पीस छोटा आहे. बोटं डायजवळ जातात. म्हणून आज चिमट्याने ठेवायचं. चिमट्याने काढायचं. चिमटा मशिनला बांधलेला आहे. चिमटा तुटला, तर मशिन थांबवा. मला सांगा. मी दुसरा देतो.

स्ट्रोक झाला, की पाय पेडलवरून काढा. प्रत्येक वेळी काढा. पाय जमिनीवर. मग चिमटा आत.

हात बाहेर, मगच पेडल.

आता पीस अडकला तर. नीट ऐका. एक, पाय काढा. दोन, मोटर बंद करा. तीन, सेटरला हाक मारा. एवढंच तुमचं काम. पाय काढा, मोटर बंद, हाक मारा.

मोटर बंद झाली, तरी चाक फिरतं. चाक फिरतंय, म्हणजे प्रेस चालू आहे. हे पुन्हा सांगतो. चाक फिरतंय, म्हणजे प्रेस चालू आहे. अडकलेला पीस सेटर काढेल. त्याला दहा मिनिटं लागू देत. पीस कमी निघाले, तर ते मी बघेन.

काल रात्री कुणाची प्रेस डबल मारली? कुणाला वेगळा आवाज आला? रॅम वर नीट थांबत नाही, असं कुणाला वाटलं? आत्ता सांगा. नंतर आठवलं तर नंतर सांगा. डबल मारली, तर पाय काढा, मोटर बंद, हाक मारा. प्रेस तशीच बंद ठेवा.

कालच आलेला कोण? तुम्ही सांगा, दादा. पीस अडकला. पहिलं काय करणार? बरोबर. मग? बरोबर. मग?

बाह्या वर घ्या. गळ्यातला रुमाल काढा. गार्ड हलवलेला दिसला, तर मशिन सुरू करण्याआधी मला बोलवा.

शेवटचं. सगळ्यांनी म्हणा. हात बाहेर, मगच पेडल. चला.'

यातल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. 'समजलं का?' हा प्रश्न कुठेही नाही, कारण त्याचं उत्तर सगळीकडे 'हो' असंच येतं. त्याऐवजी एका माणसाकडून क्रम वदवून घेतला आहे, आणि तोही नव्या माणसाकडून. तो अडखळला, तर ते त्याचं अपयश धरू नये, मसुद्याचं धरावं; त्या दिवशी तेवढा भाग पुन्हा सांगावा लागतो. अर्ध्या शॉपला मराठी येत नसेल, तर कळीची दोन वाक्यं हिंदीतही म्हणायची : 'हाथ बाहर, फिर पेडल' आणि 'पाँव हटाओ, मोटर बंद, आवाज दो'. सगळा मसुदा दोन भाषांत वाचत बसलं, तर दोन्हीकडची माणसं निम्मा वेळ ऐकेनाशी होतात.

ऑपरेटरला तीनच पायऱ्या दिल्या आहेत, हेही जाणूनबुजून. अडकलेला पीस काढायची खरी पद्धत त्याहून लांब आहे. मोटर बंद करायची, फ्लायव्हील पूर्ण थांबल्याची डोळ्यांनी खात्री करायची, मेन स्विच पाडून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, पेडल एकदा दाबून काही हलत नाही ना ते पाहायचं, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावायचा आणि मग पितळी सळईने पीस सोडवायचा. पितळी यासाठी, की डायच्या धारेला ओरखडा जात नाही. हे सेटरचं काम आहे आणि सेटरांसाठी त्याचा वेगळा मसुदा असतो. ऑपरेटरला हे सगळं ऐकवलं, तर तो त्यातली पहिली आणि शेवटची पायरी लक्षात ठेवतो : मोटर बंद करायची आणि सळई घालायची. मधल्या पायऱ्या तर जीव वाचवणाऱ्या.

'पीस कमी निघाले, तर ते मी बघेन' हे वाक्य मसुद्यातलं सगळ्यात महागडं आहे. कामगार हात घालतो तो टार्गेटपायी. सेटर तीन मशिनपलीकडे आहे, बोर्डावर तासाचा आकडा लिहिलेला आहे आणि पीस तर बोटाने सहज निघेल असा दिसतोय. अशा वेळी सूचना आणि आकडा यांची लढत होते. पाळीआधी हे वाक्य म्हणणाऱ्या सुपरवायझरने काही तासांनी 'अरे, उरक लवकर' म्हटलं, तर पुढच्या दिवसापासून त्याचं कुठलंच वाक्य कुणी ऐकणार नाही. ज्याला हे वाक्य निभावता येणार नाही, त्याने ते म्हणू नये. पण मग सेटरची वाट बघा असंही सांगू नये.

चौकशीच्या भागातून काही निघालं, तर पुढे काय होतं यावर सगळं ठरतं. समजा दोन नंबरवरचा ऑपरेटर म्हणाला, 'काल थर्ड शिफ्टवाल्याने सांगितलं, एकदा डबल मारली म्हणून.' त्या पाळीत दोन नंबर सुरू होत नाही. तिच्या स्विचला लाल टॅग लागतो. मेंटेनन्सचा माणूस चावी, स्प्रिंग आणि ब्रेक उघडून पाहतो, आणि जोडल्यावर डाय रिकामी ठेवून चाचणी घेतो : पेडल दाबून धरून ठेवायचं. सिंगल स्ट्रोकची यंत्रणा ठीक असेल, तर पाय दाबलेला असतानाही रॅम एक फेरा करून वर थांबतो. दुसरा फेरा झाला, तर टॅग तसाच राहतो. 'एकदाच मारली, परत नाही मारली' हे कारण इथे चालत नाही; झिजलेली चावी रोज डबल मारत नसते.

मात्र बोलण्याला मर्यादा आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय हा मसुदा लिहूच नये. हात आत जाऊच शकणार नाही असा जाळीचा किंवा पट्ट्यांचा पक्का गार्ड डायपुढे असेल, तर वरची निम्मी वाक्यं लागतच नाहीत. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या २१व्या कलमाने धोकादायक भागांभोवती मजबूत कुंपण घालणं आणि यंत्र चालू असताना ते जागेवरच ठेवणं मालकावर बंधनकारक केलं. कामगाराने जपून राहणं त्याला पर्याय धरलेलं नाही. पाळीआधीचं बोलणं हे गार्डनंतर उरलेल्या धोक्यासाठी असतं. गार्ड काढून ठेवलेल्या प्रेससमोर उभं राहून 'हात बाहेर' म्हणवून घेणं म्हणजे जबाबदारी कामगाराच्या गळ्यात टाकणं.

पेडलऐवजी दोन हातांची बटणं बसवली, तर दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम सुटत नाही. तिथे मसुद्यातलं वाक्यही बदलतं : 'दोन बटणं, तुमचे दोन हात.' एक बटण टेपने दाबून ठेवलेलं किंवा लाकडाच्या पट्टीने अडकवलेलं दिसलं, तर ते मशिन बंद. चांगल्या यंत्रणेत दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडावी लागतात, त्यामुळे टेपची युक्ती चालत नाही. जुन्या पॅनेलवर मात्र ती चालते. म्हणून पाळीच्या सुरुवातीला ते हात लावून तपासायचं. शिवाय हेल्पर समोरून पीस काढत असेल, तर बटणं फक्त ऑपरेटरचे हात राखतात, हेल्परचे नाही.

नव्या, हवेच्या क्लचच्या प्रेसला पुढे लाइट कर्टन असतो, म्हणजे उजेडाच्या अदृश्य किरणांचा पडदा. हात त्यातून गेला की रॅम जिथे असेल तिथे थांबतो. हा पडदा चावीच्या क्लचवर बसवून उपयोग नाही, कारण ती प्रेस मध्ये थांबूच शकत नाही. तरी काही ठिकाणी तो बसवलेला दिसतो, आणि त्याच्या भरवशावर माणसं निर्धास्त हात घालतात. पडदा डायपासून किती लांब हवा, हेही प्रेस थांबायला किती वेळ लागतो यावर ठरतं. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. प्रेस ०.२ सेकंदात थांबत असेल, तर हात तेवढ्यात ३२ सेंटिमीटर आत जातो. पडदा त्याहून लांबच हवा, आणि पडद्याला जाणवायच्या आधी बोटं जितकी आत शिरतात तितकं अंतर आणखी वाढवायचं. ब्रेक झिजून थांबायचा वेळ ०.३ सेकंद झाला, तर तोच हात ४८ सेंटिमीटर जातो. पडदा मात्र जुन्याच जागी बोल्टने पक्का असतो. हिरवा दिवा लागलेला, पडदा चालू, आणि तरीही रॅम थांबायच्या आधी बोटं डायपाशी पोचतात.

म्हणून अशा मशिनच्या मसुद्यात पाळीच्या सुरुवातीची एक कृती लिहावी लागते. पडद्यासोबत आलेली चाचणीची काठी वरच्या टोकाला, मधे आणि खालच्या टोकाला धरायची. तिन्ही जागी लाल दिवा लागायला हवा. मग डाय रिकामी ठेवून, रॅम खाली येत असताना काठी आत घालायची. रॅम लगेच थांबायला हवा. हे ऑपरेटरने सगळ्यांसमोर करून दाखवायचं, आणि थांबायच्या वेळेची मोजणी मेंटेनन्सने ठरलेल्या मुदतीला मीटर लावून करायची. बोलायचं वाक्य तिथे एवढंच : 'काठी तीन जागी, लाल तीन वेळा. एकदा जरी हिरवा राहिला, तर मशिन बंद आणि हाक मारा.'